भाडेखरेदी आणि हप्तापद्धती : किंमत किती, व्याज किती?

पुण्यातील एका छोट्या छापखान्याने १ एप्रिल २०२२ रोजी हप्त्यांनी छपाईयंत्र घेतले, असे समजू. यंत्राची रोख किंमत ४,००,००० रुपये. करार करताना छापखान्याने ६९,००० रुपये दिले आणि उरलेल्या रकमेसाठी दर वर्षी ३१ मार्चला १,३३,१०० रुपयांचा एक असे तीन हप्ते ठरले. तिन्ही हप्ते आणि सुरुवातीची रक्कम मिळून छापखान्याच्या खिशातून ४,६८,३०० रुपये जाणार. (हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून कर येथे बाजूला ठेवले आहेत.)

पहिले वर्ष संपले तेव्हा छापखान्याने २,०२,१०० रुपये मोजले होते. ही रक्कम त्या वर्षाचा खर्च मानायची, की यंत्राची किंमत? पुस्तकात यंत्र चार लाखांचे दाखवायचे, की ४,६८,३०० रुपयांचे? आणि यंत्र विकणाऱ्या व्यापाऱ्याने नफा कोणत्या वर्षी, किती धरायचा? भाडेखरेदीच्या हिशेबातील जवळजवळ सर्व प्रश्न एकाच मुद्द्यापाशी येऊन थांबतात. हप्ता दिसायला एक असतो, पण त्याच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी असतात : वस्तूच्या रोख किमतीचा एक भाग आणि थकलेल्या रकमेवरचे व्याज. पहिली भांडवली बाब आहे, दुसरी महसुली. या दोन गोष्टी दरवर्षी अचूक वेगळ्या करणे, हेच या हिशेबाचे मर्म होय.

मालकी कोणाची?

व्यवहारात 'हप्त्यांनी घेतले' हा एकच शब्दप्रयोग रूढ असला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यात दोन निराळे करार सामावलेले आहेत. हप्तापद्धतीत वस्तूची विक्री पहिल्याच दिवशी पूर्ण होते. वस्तूबरोबर मालकीही खरेदीदाराकडे जाते आणि विक्रेत्याकडे राहते ते केवळ येणे. भाडेखरेदीत मात्र वस्तू ताब्यात मिळते, मालकी मिळत नाही. शेवटचा हप्ता चुकता होऊन खरेदीचा विकल्प वापरला जाईपर्यंत दिलेले हप्ते हे वापराचे भाडे ठरतात आणि खरेदीदाराला वस्तू परत करून करारातून मोकळे होण्याची मुभा असते.

हा फरक इंग्लंडमधील दोन जुन्या निवाड्यांनी ठळक केला. १८९३ च्या 'ली विरुद्ध बटलर' खटल्यात हप्त्यांनी फर्निचर घेणाऱ्या बाईवर सर्व हप्ते भरण्याचे बंधन होते. तिने ते हप्ते फिटण्यापूर्वीच विकले, तरी प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्या तिसऱ्या माणसाचा हक्क न्यायालयाने मान्य केला. १८९५ च्या 'हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज' खटल्यात वस्तू होती पियानो. तो महिन्याच्या भाड्याने घेणाऱ्याला केव्हाही परत करण्याची मुभा होती. त्याने पियानो सावकाराकडे गहाण टाकला. येथे मात्र 'विकत घेण्याचे बंधनच नव्हते, म्हणून विक्रीचा करार नव्हता' या कारणाने मूळ मालकाला पियानो परत मिळाला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या के. एल. जोहर प्रकरणात भाडेखरेदीत वस्तू वापरासाठी सोपवणे आणि विक्री असे दोन घटक असतात, हे स्पष्ट केले. खरेदीदाराने अटी पूर्ण करून विकल्प वापरला, की दुसरा घटक फळाला येतो.

संसदेने १९७२ मध्ये भाडेखरेदीचा स्वतंत्र कायदा संमत केला होता, परंतु तो २००५ मध्ये रद्द करण्यात आला. त्यामुळे आज असे करार १८७२ चा करार कायदा आणि १९३० चा वस्तुविक्री कायदा यांच्या चौकटीत पाहिले जातात. म्हणूनच कराराच्या माथ्यावर काय लिहिले आहे यापेक्षा दोन कलमे शोधावीत : वस्तू परत करून सुटण्याची मुभा आहे का, आणि मालकी केव्हा बदलते? बँकेकडून वाहनकर्ज घेणाऱ्यांनी येथे एक भेद लक्षात ठेवावा. अशा कर्जात वाहन बहुधा कर्जदाराच्याच मालकीचे असते आणि बँकेकडे ते तारण असते. नोंदणी प्रमाणपत्रावर भाडेखरेदीची नोंद आहे की तारणाची, हे पाहिले तर उलगडा होतो.

व्याज मोजण्याची रीत

आता छापखान्याच्या कराराकडे वळू. कराराचा व्याजदर द.सा.द.शे. १० आहे. सुरुवातीचे ६९,००० रुपये त्याच दिवशी दिलेले असल्याने त्यावर व्याज नाही. ती पूर्ण रक्कम किमतीत वळती होते आणि येणे राहते ३,३१,००० रुपये. पुढचा हिशेब असा चालतो :

पहिले वर्ष : ३,३१,००० वर व्याज ३३,१००. हप्त्यातून व्याज वजा जाता किमतीपोटी १,००,०००. शिल्लक २,३१,०००.

दुसरे वर्ष : २,३१,००० वर व्याज २३,१००. किमतीपोटी १,१०,०००. शिल्लक १,२१,०००.

तिसरे वर्ष : १,२१,००० वर व्याज १२,१००. किमतीपोटी १,२१,०००. शिल्लक शून्य.

हप्ता तिन्ही वर्षी सारखाच आहे, पण त्यातील व्याजाचा वाटा दरवर्षी घटतो आणि किमतीचा वाटा वाढतो. एकूण व्याज ६८,३०० रुपये, म्हणजे भाडेखरेदी किंमत आणि रोख किंमत यांतील नेमका फरक. शेवटी शिल्लक शून्यावर येणे, ही या हिशेबाची कसोटी आहे. दोन-चार रुपये उरले तर ते पूर्णांकात रूपांतर केल्यामुळे उरलेले असतात आणि ते शेवटच्या वर्षाच्या व्याजात मिळवून टाकण्याची प्रथा आहे. मोठी रक्कम उरली, तर दर चुकला आहे किंवा सुरुवातीच्या रकमेवरही व्याज लावले गेले आहे, असे समजावे.

कधी करारात रोख किंमत लिहिलेलीच नसते. फक्त हप्ते आणि दर ठाऊक असतात. अशा वेळी शेवटच्या हप्त्यापासून उलटे मागे यावे लागते. दर १० टक्के असेल तर वर्षाअखेरच्या ११० रुपयांत १० रुपये व्याजाचे, म्हणजे अकरावा हिस्सा. शेवटच्या १,३३,१०० रुपयांचा अकरावा हिस्सा १२,१०० हे तिसऱ्या वर्षाचे व्याज आणि उरलेले १,२१,००० ही त्या वर्षाच्या आरंभीची बाकी. तीत दुसऱ्या वर्षाचा हप्ता मिळवला की २,५४,१०० होतात. त्याचा अकरावा हिस्सा २३,१००. असेच आणखी एक पाऊल मागे गेले, की ३,३१,००० रुपयांवर पोहोचता येते आणि सुरुवातीचे ६९,००० मिळवले की रोख किंमत चार लाख निघते. येथे सर्रास होणारी चूक म्हणजे हप्त्याच्या थेट १० टक्के व्याज धरणे. हप्त्यात व्याज आधीच मिसळलेले असल्याने भागाकार १०० ने नव्हे, ११० ने करायचा असतो.

उलट, रोख किंमत आणि हप्ते माहीत आहेत पण दर माहीत नाही, असेही घडते. तेव्हा एकूण व्याज प्रत्येक वर्षारंभी येणे असलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात वाटतात. येथे तीन, दोन आणि एक हप्ता बाकी असल्याने प्रमाण ३:२:१ पडते. त्यानुसार व्याज अनुक्रमे ३४,१५०, २२,७६७ आणि ११,३८३ रुपये येते. खऱ्या आकड्यांच्या हे जवळ आहे, पण तंतोतंत नाही. पहिल्या वर्षावर १,०५० रुपयांचा जादा भार पडतो. ही सोयीची रीत आहे, इतके भान ठेवून ती वापरावी.

चौथी रीत मात्र हिशेबाची नसून जाहिरातीची म्हणावी लागेल. एकूण व्याज ६८,३०० भागिले तीन, म्हणजे वर्षाला २२,७६७ रुपये. मूळ ३,३१,००० रुपयांशी त्याचे प्रमाण काढले तर ते सात टक्क्यांहूनही कमी, ६.८८ टक्के दिसते. यालाच 'फ्लॅट' दर म्हणतात. पण दुसऱ्या वर्षी छापखान्याकडे केवळ २,३१,००० आणि तिसऱ्या वर्षी १,२१,००० रुपयेच बाकी असतात. तिसऱ्या वर्षीही २२,७६७ रुपये व्याज धरले, तर बाकीवर तो दर जवळपास १९ टक्के होतो. सपाट वाटणीत पहिल्या वर्षाचे व्याज कमी आणि शेवटच्या वर्षाचे अवास्तव दिसते, म्हणून पुस्तकात ती घेऊ नये. फ्लॅट ६.८८ आणि घटत्या बाकीवरचे १० टक्के हे येथे एकाच कराराचे दोन चेहरे आहेत.

आणखी एक खबरदारी. उदाहरणात हप्त्याची तारीख आणि आर्थिक वर्षाचा शेवट एकच आहे. तेच यंत्र १ ऑक्टोबरला घेतले असते, तर ३१ मार्चपर्यंत हप्ता देय झाला नसता, पण सहा महिन्यांचे व्याज, म्हणजे ३३,१०० च्या निम्मे १६,५५० रुपये, चढलेले असते. ते त्याच वर्षाच्या खर्चात धरावे लागते. हप्ता भरला नाही म्हणून व्याज लागले नाही, असे होत नाही.

खरेदीदाराची पुस्तके

भाडेखरेदीत कायद्याने मालकी नसली, तरी यंत्र छापखान्यात चालते आणि त्याची झीज छापखान्याच्याच कामासाठी होते. म्हणून हिशेबाची पद्धत कायदेशीर मालकीपेक्षा व्यवहाराचे खरे स्वरूप पाहते. यंत्र खरेदीदाराच्या पुस्तकात येते, तेही रोख किमतीला. घसाराही याच किमतीवर आकारला जातो.

पहिल्या दिवशी यंत्र खाते चार लाखांनी नावे आणि विक्रेत्याचे खाते तितक्याच रकमेने जमा होते. सुरुवातीचे ६९,००० दिले, की विक्रेत्याचे खाते नावे आणि बँक खाते जमा. वर्षाअखेर व्याज खाते ३३,१०० ने नावे आणि विक्रेत्याचे खाते जमा. मग हप्त्याचे १,३३,१०० दिले, की विक्रेत्याचे खाते नावे, बँक खाते जमा. घसारा घटत्या शिलकेवर १५ टक्क्यांनी आकारायचा असे धरले, तर पहिल्या वर्षी तो ६०,००० रुपये होतो. व्याज आणि घसारा मिळून ९३,१०० रुपये नफातोटा खात्यात जातात. हाच पहिल्या वर्षाचा खरा भार.

ताळेबंदात यंत्र ४,००,००० मधून घसारा ६०,००० वजा जाता ३,४०,००० रुपयांचे दिसते आणि त्यातून विक्रेत्याचे देणे २,३१,००० वजा करून निव्वळ १,०९,००० दाखवण्याची रीत आहे. दुसरीही एक रीत आहे. मालकी मिळालेली नसल्याने यंत्र खात्यात संपूर्ण किंमत न घेता, जितकी किंमत फिटली तितकीच चढवत जायची. वर्षाअखेर फिटलेली किंमत ६९,००० अधिक १,००,०००, म्हणजे १,६९,०००. त्यातून घसारा ६०,००० वजा केला की पुन्हा १,०९,०००. मार्ग दोन, पण निव्वळ आकडा एकच. मात्र दुसऱ्या रीतीतही घसारा पूर्ण चार लाखांवरच काढायचा असतो. तो फिटलेल्या किमतीवर काढणे ही या रीतीतील नेहमीची चूक आहे.

वेगळे न काढल्यास काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. छापखान्याने यंत्र ४,६८,३०० रुपयांना दाखवून त्यावर घसारा काढला आणि व्याज निराळे धरलेच नाही, तर पहिल्या वर्षाचा खर्च ७०,२४५ रुपये येतो आणि नफा २२,८५५ रुपयांनी फुगतो. उलट दिलेले २,०२,१०० रुपये भाडे समजून सरळ खर्चात टाकले, तर नफा १,०९,००० रुपयांनी आक्रसतो आणि पुस्तकात यंत्राचा मागमूसही राहत नाही. दोन्ही चुका पुढील वर्षांत हळूहळू उलगडतात, पण दरम्यान बँकेला दाखवलेला ताळेबंद आणि भागीदारांत वाटलेला नफा चुकीचाच असतो.

हप्तापद्धतीत नोंद थोडी वेगळी असते. येथे विक्री पहिल्या दिवशीच पूर्ण झाली आणि संपूर्ण ४,६८,३०० रुपयांचे देणे अंगावर आले. म्हणून यंत्र खाते ४,००,००० ने आणि 'व्याज उचंत खाते' ६८,३०० ने नावे होते, तर विक्रेत्याचे खाते ४,६८,३०० ने जमा होते. उचंत खाते म्हणजे अद्याप न लागलेल्या व्याजाची साठवण. दर वर्षी त्यातून त्या वर्षाचे व्याज, म्हणजे ३३,१००, मग २३,१००, मग १२,१०० व्याज खात्याकडे वळवले जाते आणि तिसऱ्या वर्षाअखेर उचंत खाते रिकामे होते. नफातोटा खात्यावरचा परिणाम भाडेखरेदीसारखाच राहतो.

विक्रेत्याची पुस्तके

व्यापाऱ्याला हे यंत्र ३,२०,००० रुपयांना पडले होते, असे धरू. करार झाला, की हातात ४,६८,३०० रुपये येणार म्हणून १,४८,३०० रुपये नफा झाला, असे त्याला वाटू शकते. परंतु यातील ८०,००० रुपये व्यापारातील नफा आहे आणि ६८,३०० रुपये तीन वर्षे थांबल्याबद्दलचा मोबदला आहे. सनदी लेखापालांच्या भारतीय संस्थेने १९८५ मध्ये काढलेले महसूलविषयक लेखामानक ९ हप्त्यांच्या विक्रीबाबत हीच दिशा दाखवते. व्याज वगळून उरणारी विक्रीकिंमत विक्रीच्या दिवशी उत्पन्नात धरावी आणि व्याज येणे असलेल्या बाकीच्या प्रमाणात धरत जावे.

त्यानुसार व्यापाऱ्याच्या पहिल्या वर्षाच्या उत्पन्नात ८०,००० चा नफा आणि ३३,१०० चे व्याज, असे १,१३,१०० रुपये येतात. संपूर्ण १,४८,३०० धरले असते, तर पुढील दोन वर्षांचे ३५,२०० रुपये व्याज आधीच नफ्यात आले असते. ते मिळण्यापूर्वीच त्याच्यावर कर भरला गेला असता आणि पुढील वर्षांचा नफा तितकाच घटला असता. मोठ्या किमतीच्या वस्तूंसाठी अशा प्रत्येक ग्राहकाचे स्वतंत्र खाते ठेवले जाते.

शिलाई यंत्रे, पंखे, मिक्सर अशा लहान वस्तू शेकडो ग्राहकांना देणाऱ्या दुकानदाराला प्रत्येक हप्ता फोडून व्याज काढणे परवडत नाही. तो मग व्याज आणि नफा एकत्र धरून 'भाडेखरेदी व्यापार खाते' मांडतो. समजा, त्याने वर्षात ५० शिलाई यंत्रे दिली. प्रत्येकाची खरेदी ६,००० आणि भाडेखरेदी किंमत ८,००० रुपये. एकूण खरेदी ३,००,००० आणि एकूण भाडेखरेदी किंमत ४,००,००० झाली. वर्षात २,४०,००० रुपये वसूल झाले, १०,००० रुपयांचे हप्ते देय होऊनही थकले आणि १,५०,००० रुपयांचे हप्ते अजून देयच झालेले नाहीत.

येथील कळीचा भेद 'थकलेले' आणि 'देय न झालेले' हप्ते यांत आहे. थकलेले १०,००० हे ग्राहकांकडील येणे आहे. त्यावरचा नफा कमावला गेला. देय न झालेल्या १,५०,००० रुपयांचा माल मात्र दुकानदाराच्या दृष्टीने अजून त्याचाच, ग्राहकाच्या घरी ठेवलेला साठा आहे. तो साठा खरेदीकिमतीलाच धरायला हवा. भाडेखरेदी किमतीत नफ्याचा वाटा चौथा हिस्सा असल्याने १,५०,००० मधून ३७,५०० रुपये बाजूला काढले, की साठा १,१२,५०० रुपयांचा उरतो. वसुली २,४०,०००, थकबाकी १०,००० आणि साठा १,१२,५०० यांच्या बेरजेतून खरेदी ३,००,००० वजा केली, तर नफा ६२,५०० येतो. ताळा घेणे सोपे आहे : देय झालेल्या अडीच लाखांचा चौथा हिस्सा तितकाच भरतो. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर बहुधा थकबाकी साठ्यात तरी मिसळलेली असते किंवा साठ्यावरील नफा काढायचा राहिलेला असतो.

हप्ता थकला तर

या दोन पद्धतींतील खरा फरक हप्ता थकला म्हणजे कळतो. छापखान्याने पहिला हप्ता दिला, पण ३१ मार्च २०२४ चा दुसरा हप्ता देणे जमले नाही, असे धरू. त्या दिवशी विक्रेत्याचे येणे २,३१,००० अधिक दुसऱ्या वर्षाचे व्याज २३,१००, म्हणजे २,५४,१०० रुपये आहे. छापखान्याच्या पुस्तकात यंत्राची किंमत दोन वर्षांच्या घसाऱ्यानंतर (६०,००० आणि ५१,०००) २,८९,००० उरली आहे.

करार भाडेखरेदीचा असल्याने विक्रेता यंत्र परत नेतो. छापखाना विक्रेत्याचे खाते २,५४,१०० ने नावे टाकून यंत्र खाते तितक्याने जमा करतो. यंत्र खात्यात उरलेले ३४,९०० रुपये नफातोटा खात्यात तोटा म्हणून जातात. आता दोन वर्षांचा एकूण भार मोजावा. घसारा १,११,०००, व्याज ५६,२०० आणि तोटा ३४,९०० मिळून २,०२,१०० रुपये होतात. छापखान्याने प्रत्यक्ष मोजलेली रक्कमही हीच : ६९,००० अधिक १,३३,१००. म्हणजे खरेदी म्हणून सुरू झालेला व्यवहार अखेरीस दोन वर्षांचे निव्वळ भाडे ठरला. करारात 'भाडे' हा शब्द का असतो, ते या बेरजेतून दिसते.

विक्रेत्याच्या पुस्तकात परत आलेले यंत्र येणे रकमेला नव्हे, तर त्याच्या वाजवी मूल्याला येते. समजा, त्याने दर वर्षी घटत्या किमतीवर २५ टक्के झीज धरून ते २,२५,००० रुपयांना घेतले. येणे २,५४,१०० होते, म्हणून २९,१०० रुपये तोटा झाला. मग १५,००० रुपये दुरुस्तीला लावून यंत्र २,५०,००० ला विकले, तर त्यातून १०,००० रुपये सुटतात. यंत्राचे मूल्य मुद्दाम वाढवून तोटा झाकण्याचा मोह येथे असतो. म्हणून परत आलेल्या मालाच्या साठ्याचे दर लेखापरीक्षक बारकाईने पाहतात. छापखान्याने १५ आणि विक्रेत्याने २५ टक्के झीज धरली, यात विसंगती काही नाही. एकाची झीज वापराची आहे, दुसऱ्याची फेरविक्रीच्या बाजारातील.

हाच करार हप्तापद्धतीचा असता, तर यंत्र छापखान्याच्याच मालकीचे राहिले असते. विक्रेत्याला ते परस्पर उचलून नेण्याचा हक्क नाही. त्याने थकलेल्या रकमेसाठी दावा करावा. त्याच्या पुस्तकात येणे तसेच राहते आणि वसुली शंकास्पद वाटल्यास त्यासाठी तरतूद करावी लागते. छापखान्याने ते यंत्र दुसऱ्याला विकले, तरी घेणाऱ्याचा हक्क खरा ठरतो. दिलेल्या हप्त्यांतून किंमत फिटत गेल्याने खरेदीदाराची त्या वस्तूवरची पकड हप्तापद्धतीत अधिक घट्ट असते, पण वस्तू परत देऊन देण्यातून मोकळे होण्याची वाट मात्र त्याला नसते.

'शून्य टक्के'चा अर्थ

हीच फोड घरगुती खरेदीलाही लागू पडते. एखादा मोबाइल २४,००० रुपयांना, दरमहा २,००० रुपयांच्या बारा हप्त्यांत आणि 'शून्य टक्के व्याजाने' मिळतो. पण रोख पैसे देणाऱ्याला तोच २२,५०० रुपयांना दिला जातो, असे समजू. मग रोख किंमत २२,५०० आहे आणि उरलेले १,५०० रुपये हे व्याजच. दर महिन्याला बाकी घटत असल्याने हा दर महिन्याला सुमारे १ टक्का, म्हणजे वर्षाला सुमारे १२ टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेनेही २०१३ मध्ये बँकांना बजावताना शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसल्याचे नमूद केले होते. रोखीची सवलत सोडावी लागते की नाही, आणि प्रक्रिया शुल्क किती, या दोन प्रश्नांतून छुपे व्याज बाहेर येते.

करारावर सही करण्यापूर्वी तीन आकडे लिहून मागावेत : आज रोख दिल्यास किंमत, सर्व हप्त्यांची आणि शुल्कांची बेरीज, आणि प्रत्येक हप्त्यानंतर उरणारी बाकी. पहिल्या दोहोंतील फरक म्हणजे व्याज, आणि तिसऱ्यावरून त्याचा खरा दर कळतो. छापखान्याच्या उदाहरणात ते आकडे ४,००,०००, ४,६८,३०० आणि २,३१,०००, १,२१,०००, शून्य असे आहेत. विक्रेता हे देण्यास कां-कूं करीत असेल, तर त्याने सांगितलेला दर बाकीवरचा आहे की सपाट, याचे उत्तर त्यातच मिळते.